आयईएल्ट्स लिसनिंगचा तिसरा भाग : प्रकल्पावरील चर्चेत कोणाचे मत कोणते, हे कसे टिपावे

आयईएल्ट्सच्या लिसनिंग परीक्षेत चार भाग आणि एकूण ४० प्रश्न असतात. त्यातल्या तिसऱ्या भागात, ज्याला जुन्या सराव-पुस्तकांत ‘सेक्शन ३’ म्हटलेले आढळते, शिक्षणाच्या वातावरणातील एक चर्चा ऐकवली जाते. बहुतेक वेळा दोन विद्यार्थी आपल्या प्रकल्पाबद्दल बोलत असतात आणि कधी त्यांच्यासोबत मार्गदर्शक प्राध्यापकही असतात. क्वचित चार जणही असू शकतात. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते. पहिल्या भागात बहुधा नाव, तारीख, ठिकाण, रक्कम अशी माहिती ऐकून लिहायची असते, त्यामुळे शब्द कानावर पडला की उत्तर मिळते. तिसऱ्या भागात मात्र पर्यायांतील जवळजवळ सगळ्या गोष्टींचा उल्लेख चर्चेत होतो, आणि ती गोष्ट कोण म्हणाले, स्वतःचे मत म्हणून म्हणाले की दुसऱ्याचे सांगितले, आणि समोरच्याने ती मान्य केली की सभ्यपणे टाळली, यावर गुण ठरतो. म्हणून इंग्रजी बऱ्यापैकी समजणाऱ्या परीक्षार्थींचेही गुण नेमके येथे जातात. वाक्ये सगळी समजलेली असतात, पण ती कोणाच्या खात्यावर मांडायची हे निसटलेले असते.

तयारी ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच करायची असते. प्रश्नांच्या प्रत्येक गटाआधी ते वाचायला थोडा वेळ, साधारण अर्धा मिनिट, दिला जातो, आणि तिसरा भाग मध्ये थांबत असल्यामुळे असा वेळ दोनदा मिळतो. या वेळात सगळे पर्याय घाईघाईने वाचून काढण्याऐवजी प्रत्येक प्रश्नातील दोनच गोष्टी अधोरेखित कराव्यात : मत कोणाचे विचारले आहे, आणि क्रियापद कोणते आहे. ‘मार्कला काय वाटते’ असे विचारले असेल तर दुसऱ्या व्यक्तीचे मत कितीही ठाम असले तरी त्याचा उपयोग फक्त तुलनेपुरता. ‘दोघांचे कशावर एकमत होते’ असे विचारले असेल तर एकाने मत मांडून भागत नाही. दुसऱ्याचा होकार ऐकू येईपर्यंत उत्तर तयार झालेले नसते. ‘ते काय करायचे ठरवतात’ या प्रश्नात आवडनिवड गौण ठरते आणि चर्चेच्या शेवटी उरलेली कृती महत्त्वाची असते. ‘कशाचे आश्चर्य वाटले’ असे विचारले असेल, तर आधीची अपेक्षा आणि प्रत्यक्षात घडलेले यांतला फरक कोणत्या गोष्टीबाबत बोलून दाखवला, हे शोधावे लागते. ही क्रियापदे डोळ्यांखालून गेली नाहीत तर चर्चा पूर्ण समजूनही चुकीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर लिहिले जाते.

दुसरे काम आवाज आणि नाव यांची सांगड घालण्याचे. निवेदक सुरुवातीला कोण कशाबद्दल बोलणार आहे ते सांगतो, आणि पहिल्या एक-दोन वाक्यांत बोलणारे सहसा एकमेकांना नावाने हाक मारतात. एक गोष्ट येथे हमखास उलटी होते : ‘हाय मार्क’ असे जो म्हणतो तो मार्क नसतो, त्यानंतर उत्तर देणारा आवाज मार्कचा असतो. एक स्त्री आणि एक पुरुष असतील तर अडचण येत नाही. दोन्ही आवाज सारखे वाटत असतील तर उच्चाराची ढब, बोलण्याचा वेग किंवा भूमिका यांचा आधार घ्यावा. प्राध्यापक प्रश्न विचारतात आणि विषय पुढे नेतात. विद्यार्थी आपण काय केले ते सांगतात. प्रश्नपत्रिकेच्या समासात नावांची आद्याक्षरे लिहून त्यांखाली दोन स्तंभ आखले की पुढची सगळी नोंद तेथेच होते.

नोंद वाक्यांची करायची नाही, कारण तेवढा वेळच नसतो. प्रत्येक प्रश्नासमोर, त्या व्यक्तीच्या स्तंभात, एकच खूण : विधानाला पाठिंबा असेल तर अधिक, विरोध असेल तर उणे, आणि अजून स्पष्ट झाले नसेल तर प्रश्नचिन्ह. मत बदलले तर जुनी खूण खोडून शेजारी नवी करावी. खोडलेली खूण पुसू नये, कारण उत्तर लिहिताना ‘आधी काय म्हणाला होता’ हेही कधी कधी लागते. उत्तर म्हणून लिहायचे ए, बी, सी हे अक्षर खुणा पूर्ण झाल्यावरच लिहावे. पहिला आवाज ऐकताच अक्षर लिहून टाकले की कान पुढचे वाक्य नीट ऐकत नाही, आणि या भागात निर्णय अनेकदा पुढच्याच वाक्यात असतो.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासाठी सरावाकरिता रचलेले एक उदाहरण घेऊ. हॅना आणि मार्क या दोन विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या उपाहारगृहात वाया जाणाऱ्या अन्नावर प्रकल्प केला आहे, आणि अहवाल लिहिण्यापूर्वी ते त्याबद्दल बोलत आहेत. प्रश्न असा आहे की पुढील पाच मते कोणाची आहेत : ए म्हणजे फक्त हॅना, बी म्हणजे फक्त मार्क, सी म्हणजे दोघे. मते अशी : २१, प्रश्नावली फार लांबली. २२, स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांच्या मुलाखती सर्वांत उपयोगी ठरल्या. २३, अन्नाचे वजन अधिक दिवस करायला हवे होते. २४, छायाचित्रांनी अहवालात फारशी भर पडत नाही. २५, एकच उपाहारगृह निवडले हे योग्य झाले. संवाद येथे मराठीत देत आहे, पण मताला वळण देणारे शब्द परीक्षेत कानावर पडतील तसेच ठेवले आहेत.

मार्क म्हणतो, “प्रश्नावलीत वीस प्रश्न होते. डोन्ट यू थिंक दॅट वॉज अ बिट मच?” हॅना उत्तर देते, “वेल, पीपल डिड फिनिश इट. मला खरे तर प्रश्नांचा क्रम खटकला. वयाचा प्रश्न अगदी शेवटी यायला हवा होता.” मार्कचे वाक्य प्रश्नार्थक असले तरी ते त्याचे मतच आहे, कारण इंग्रजीत नकारार्थी प्रश्न बहुधा होकाराच्या अपेक्षेने विचारला जातो. म्हणून मार्कच्या स्तंभात अधिक. हॅनाचे उत्तर ‘वेल’ने सुरू झाले आणि ‘डिड’वर जोर आला, लोकांनी प्रश्नावली पूर्ण भरली, असे सांगून ती लांबीबद्दलची तक्रार नाकारते आहे. तिने प्रश्नावलीवर टीका केली हे खरे, पण ती क्रमाबद्दल होती. विधान लांबीबद्दल आहे, म्हणून उत्तर बी. दोघेही प्रश्नावलीवर नाराज आहेत एवढेच ज्याने टिपले तो सी लिहितो, आणि या प्रकारची चूक सर्वांत जास्त दिसते.

पुढे हॅना म्हणते, “स्वयंपाकघरातल्या लोकांशी बोलायचे म्हणजे मला धास्तीच वाटत होती. आय वॉज शुअर दे वुडन्ट टेल अस एनिथिंग.” मार्क म्हणतो, “आणि शेवटी आपल्या हाती जे काही आहे त्यात तेच सर्वांत चांगले निघाले.” हॅना : “दे डिड, डिडन्ट दे?” येथे हॅनाच्या पहिल्या वाक्यावर उणे पडेल, पण ‘वॉज शुअर’ हा भूतकाळ ती उणे कच्चीच ठेवायला सांगतो. मार्कच्या वाक्यानंतरचे तिचे तीन-चार शब्द म्हणजे पूर्ण मान्यता आहे. शेवटची जोड वर चढणाऱ्या सुरात आली असती तर ती खरी विचारणा ठरली असती. ती खाली उतरणाऱ्या सुरात येते आणि त्यामुळे तिचा अर्थ ‘नाहीतर काय’ असा होतो. उणे खोडून अधिक करावे, उत्तर सी.

मग मार्क म्हणतो, “बाई म्हणणारच की एक आठवडा वजन करून काही सिद्ध होत नाही.” हॅना : “शी माइट, अँड आयड हॅव टू अग्री विथ हर.” मार्क : “आय डोन्ट नो. आठवड्यात सगळे वार आले, आणि रोजचे आकडे जवळपास सारखेच होते.” विधानातील मजकूर सर्वप्रथम मार्कच्या तोंडून आला आहे, पण तो प्राध्यापिकेचा अपेक्षित आक्षेप म्हणून. मत हॅनाने स्वीकारले आणि मार्कने ‘आय डोन्ट नो’ म्हणत फेटाळले. हे शब्द अज्ञान दाखवण्यासाठी क्वचितच येतात; चर्चेत त्यांच्यामागून लगेच कारण आले तर तो सौम्य विरोध समजावा. उत्तर ए.

चौथ्या विधानापाशी हॅना म्हणते, “द फोटोज डोन्ट रिअली ॲड एनिथिंग, डू दे?” आणि मार्क उत्तर देतो, “नो, नॉट रिअली.” मराठी बोलणाऱ्यांनी या जागेवर अधिक थांबायला हवे. “फोटोंनी काही भर पडत नाही ना?” असे कोणी विचारले तर मान्य असताना आपण “हो, खरंच नाही पडत” असे म्हणतो, म्हणजे समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत वाक्य नकारार्थी असेल तर मान्यता ‘नो’ने दिली जाते आणि ‘येस’ने विरोध केला जातो. घाईत ‘नो’ ऐकताच आपला हात उणेकडे जातो आणि उत्तर ए होते. बरोबर उत्तर सी आहे. यावर उपाय एकच : समोरच्याचे वाक्य नकारार्थी होते का, हे आधी लक्षात ठेवावे आणि ‘नो’च्या पुढचे शब्द ऐकल्याशिवाय खूण करू नये. ‘नायदर डू आय’ आणि ‘मी नायदर’ हीसुद्धा अशीच मान्यता आहे.

शेवटी मार्क म्हणतो, “तिन्ही उपाहारगृहे घ्यावीत असा माझाच आग्रह होता. पण एकाच जागी एवढा वेळ गेला ते पाहता, आयम ग्लॅड वी डिडन्ट.” हॅना : “आय सी व्हॉट यू मीन, बट आय स्टिल थिंक तिन्ही घेतली असती तर तुलना करता आली असती.” मार्कच्या स्तंभात आधी उणे, मग खोडून अधिक. हॅनाच्या ‘आय सी व्हॉट यू मीन’ या शब्दांत समजून घेण्याचा सूर असतो, मान्यतेचा नसतो, आणि त्यानंतरचे ‘बट’ व ‘स्टिल’ तिचे मत जागेवरच असल्याचे सांगतात. उत्तर बी.

या पाचही ठिकाणी विधानाचे शब्द जसेच्या तसे एकदाही आले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ‘फार लांबली’साठी ‘अ बिट मच’, ‘सर्वांत उपयोगी’साठी ‘हाती आहे त्यात सर्वांत चांगले’. परीक्षेतही तसेच असते. पर्यायातील शब्द हुबेहूब ऐकू आला तर खुश न होता थोडे सावध व्हावे, कारण चुकीच्या पर्यायाकडे ओढण्यासाठी तो अनेकदा मुद्दाम पेरलेला असतो.

मान्यता आणि विरोध दाखवणाऱ्या शब्दांच्या लांबलचक याद्या बाजारात मिळतात. त्या पाठ करण्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण तोच शब्द सुरानुसार दोन्हीकडे झुकतो. त्यापेक्षा त्यांचे वजन ओळखायला शिकावे. ‘एक्झॅक्टली’, ‘ॲब्सोल्यूटली’, ‘दॅट्स जस्ट व्हॉट आय थॉट’ आणि ‘यू कॅन से दॅट अगेन’ यांनंतर थांबायची गरज नसते. तेथे मान्यता पक्की आहे. ‘आय सपोज सो’, ‘फेअर इनफ’, ‘मेबी’ आणि नुसते रेंगाळलेले ‘येस’ यांनंतर मात्र पुढचे वाक्य ऐकणे भाग आहे. त्यात ‘बट’, ‘दो’ किंवा ‘इट्स जस्ट दॅट’ आले तर मान्यता मागे घेतली गेली. त्याच दिशेने कारण पुढे आले तर मान्यता टिकली. ‘डू यू थिंक सो?’ आणि ‘रिअली?’ हे प्रश्न दिसायला साधे असले तरी चर्चेत बहुतेक वेळा असहमती सुचवतात. ‘ॲक्च्युअली’ आणि ‘नाऊ दॅट यू मेन्शन इट’ हे शब्द कानावर पडले की आधीची खूण बदलण्याची तयारी ठेवावी.

प्राध्यापक चर्चेत असतील तेव्हा आणखी एक थर वाढतो. ब्रिटिश पद्धतीचे शैक्षणिक बोलणे इतके सौम्य असते की सूचना प्रश्नासारखी वाटते. ‘हॅव यू थॉट ऑफ…’, ‘आय वंडर इफ…’ आणि ‘यू माइट वॉन्ट टू…’ या तिन्हींतून प्राध्यापक सल्ला देत असतात. प्राध्यापक काय सुचवतात असा प्रश्न असेल तर उत्तर येथेच संपते. विद्यार्थी काय करायचे ठरवतात असा प्रश्न असेल तर त्यापुढचा विद्यार्थ्याचा प्रतिसाद पाहावा लागतो, कारण एक सूचना ‘वी डिड ट्राय दॅट’ म्हणून बाजूला पडते आणि दुसरी ‘राइट, विल डू’ म्हणून स्वीकारली जाते. दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने ती स्वीकारली आणि दुसरा गप्प राहिला, तर मौनाला संमती मानू नये. बहुधा दुसरा आवाज पुढच्या वाक्यात काहीतरी बोलतोच.

‘पाचपैकी दोन निवडा’ या प्रकारात प्रत्येक बरोबर अक्षराला एक गुण मिळतो आणि क्रमाला महत्त्व नसते. येथे दोन स्तंभांची पद्धत थोडी बदलते : पाचही पर्यायांसमोर दोघांच्या खुणा करायच्या आणि दोन्ही अधिक पडलेले पर्याय उचलायचे. मात्र या प्रकारात पर्याय चर्चेच्या क्रमाने येतीलच असे नाही, म्हणून पाचही पर्यायांचा आशय आधी प्रत्येकी एका शब्दात मनाशी धरून ठेवावा.

मध्येच एखादे मत निसटले तर काय करावे? प्रश्न चर्चेच्या क्रमाने असतात, त्यामुळे ‘सो, व्हॉट अबाउट…’, ‘मूव्हिंग ऑन’ किंवा प्राध्यापकांचा नवा प्रश्न ऐकू आला की मागचा प्रश्न तसाच सोडून पुढच्यावर जावे. मागच्यात अडकून राहणारा एका गुणाऐवजी तीन गमावतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून रिकामी जागा शेवटी भरायचीच. अंदाज करताना खुणा उपयोगी पडतात : एकाच स्तंभात अधिक असेल आणि दुसरा स्तंभ रिकामा असेल, तर ‘दोघे’ असे लिहू नये, ज्याचा आवाज नोंदला आहे त्याचेच अक्षर लिहावे. कागदावरच्या परीक्षेत उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवायला शेवटी १० मिनिटे मिळतात, तर संगणकावरील परीक्षेत उत्तरे तपासण्यापुरती फक्त २ मिनिटे असतात. म्हणून संगणकावर परीक्षा देणाऱ्यांनी अक्षर प्रत्येक गट संपताच निवडून टाकावे.

घरी सराव करताना सलग एकामागून एक चाचण्या सोडवण्यात फारसे हशील नाही. छापील संहिता उपलब्ध असलेले एक ध्वनिमुद्रण घ्यावे आणि पहिल्यांदा परीक्षेसारखे एकदाच ऐकून उत्तरे लिहावीत. उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वी तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे, पण या वेळी मजकुराकडे दुर्लक्ष करून फक्त खुणा कराव्यात : कोण बोलले, बाजूने की विरोधात. तिसऱ्यांदा संहिता समोर ठेवून प्रत्येक मतापाशी निर्णायक शब्द अधोरेखित करावा आणि आपली खूण कोठे फसली ते पाहावे. चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर कारण लिहावे, आणि कारणे चारच असतात : आवाज ओळखण्यात चूक, जुने मत आताचे समजणे, अर्धवट होकाराला पूर्ण होकार मानणे, किंवा पर्यायातील शब्दाचा दुसऱ्या शब्दांतला अर्थ न समजणे. पहिल्या तीन कारणांवर वर सांगितलेली पद्धत काम करते. चौथे कारण पुन्हा पुन्हा येत असेल तर खुणांनी काही साधणार नाही. तेथे उणीव शब्दसंग्रहाची आहे आणि ती वाचनानेच भरून निघेल.

आवाजांची गल्लत हेच मुख्य कारण निघाले तर त्याचा वेगळा सराव करावा. बीबीसी रेडिओवरील तीन-चार जणांच्या चर्चेचा पाच मिनिटांचा तुकडा निवडावा, विषय समजला नाही तरी चालेल, आणि प्रत्येक वेळी आवाज बदलला की कागदावर त्या व्यक्तीचे आद्याक्षर लिहावे. हे जमू लागल्यावर आद्याक्षरासोबत अधिक-उणे सुरू करावे. वेग कमी करून ऐकण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, पण ती वापरू नये, कारण वेग उतरला की सूरही सपाट होतो, आणि ‘डिडन्ट दे’ ही विचारणा आहे की मान्यता, हे सांगणारा आवाजाचा चढउतार ऐकू येईनासा होतो.